अर्धी बॉबिन

हेमकांत शिंप्याला माणसं तोंडावरून कमी आणि पाठीवरून जास्त ओळखू येत. तळोद्यात मोलगीच्या जीपा जिथं भरतात, त्याच्या समोरच त्याचं दुकान. मशीनवर बसल्या बसल्या रस्ता दिसायचा. डोंगरातून बाजाराला आलेली बाई डोक्यावर मोळी घेऊन चालली, की हेमकांत सुईत दोरा ओवायचा थांबून तिच्याकडं बघत राही. अशी सरळ पाठ त्याला सगळ्या गावात दुसरी दिसत नसे. उलट प्रकल्प कार्यालयातले बाबू दुकानात शिरले, की टेप लावण्याआधीच त्याच्या मनात आकडा तयार असायचा : मागं अर्धा इंच जास्त. असा पाठीचा पारखी माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या घरात काय चाललं होतं ते त्याला दोन वर्षं दिसलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पण हेमकांतनं तर कळसा नुसता काखेत घेतला नव्हता, वरून छान कापड शिवून झाकून ठेवला होता.

ही पारख त्याला इद्रिसचाचांनी दिलेली. बाप लवकर गेला म्हणून बाराव्या वर्षी हेमकांत त्यांच्या दुकानात काज-बटन करायला बसला. चाचांचं दुकान म्हणजे दीड खणाची जागा, चार पायमशिनी, एक कोळशाची इस्त्री आणि मधोमध छताला टेकू दिलेला सागाचा खांब. चाचा शिवायला शिकवण्याआधी बसायला शिकवत आणि बसायला शिकवण्याआधी उठायला. त्यांच्या दुकानात एक कायदा होता, बाकी कुठल्याच दुकानात नसलेला. बॉबिन फक्त अर्धी भरायची. पूर्ण भरली आणि त्यांनी पाहिली, की कानाला हात जायचा.

"पोट फुगेल बॉबिन धागा तोडस बेटा," चाचा म्हणायचे. "आर्धी भर."

अर्धी बॉबिन अर्ध्या तासात रिकामी. मग उठायचं. उठलं की लगेच बॉबिन भरायला घ्यायची नाही, आधी खांबाशी जायचं. टाचा खांबाला, पाठ खांबाला, डोकं खांबाला, नजर समोरच्या घड्याळावर. दहा श्वास. मग दोन्ही हात वर करून आळस द्यायचा, तोही मोठ्यानं, चाचांना ऐकू जाईल असा. त्यानंतर बॉबिन. चार कारागीर दिवसभर आळीपाळीनं त्या खांबाला चिकटलेले. येणारी गिऱ्हाइकं हसायची, "चाचा, हाई दुकान शे का शाळा? पोऱ्यांसले कसानी शिक्षा दी ऱ्हायनात?" चाचा टेप गळ्यात नीट करत आणि म्हणत, "मशीन आपली नोकर शे. तिन्हापुढे मान कसाले झुकाडानी?"

त्या खांबावर चार वेगवेगळ्या उंचीवर तेलाचे काळपट गोल डाग पडले होते. सगळ्यात खालचा हेमकांतचा. दर वर्षी तो बोटभर वर सरके, आणि तो वर सरकला की हेमकांतला आपण मोठे कारागीर होत चाललो असं वाटे. खोबरेल तेल, कोळशाचा धूर, नव्या मांजरपाटाचा वास आणि चाचांच्या ट्रान्झिस्टरवरचा खरखरता आवाज. पन्नाशी उलटली तरी मध्येच कधी हे सगळं नाकाशी येई, आणि हातातलं काम तिथंच राही. तसं सुख पुन्हा मिळालं नाही हे त्याला कळत होतं आणि ते तो मान्यही करायचा.

रस्ता रुंद झाला तेव्हा ते दुकान गेलं. खांब कुणी नेला कुणास ठाऊक. चाचा मुलाकडं नंदुरबारला गेले आणि तिथंच अल्लाला प्यारे झाले. हेमकांतनं स्वतःचं दुकान टाकलं, मशीनला मोटार बसवली आणि चाचांचा कायदा मोडला. लग्नसराईत कुणाला वेळ असतो? तो सकाळीच दहा बॉबिना काठोकाठ भरून बिस्किटाच्या डब्यात ठेवी आणि एक संपली की बसल्या जागी दुसरी घाली. धागा काही तुटला नाही. चाचा उगाच घाबरवायचे, असं वाटून त्याला थोडं हसूही आलं होतं. मान दुखायची, पण शिंप्याची मान दुखायचीच, त्यात नवल काय.

आता त्याच्या पोरीचं सांगतो.

मोहिनी एकुलती एक. अकरावीपासून तिनं डॉक्टर व्हायचं डोक्यात घेतलं. पहिल्या वेळी नीटची परीक्षा थोडक्यात हुकली, म्हणून एक वर्ष घरी बसून पुन्हा द्यायची ठरली. शिकवणी सगळी मोबाइलवर. धडे मोबाइलवर, टिपणं मोबाइलवर, सराव प्रश्न मोबाइलवर, शंका विचारायच्या त्याही मोबाइलवर. सकाळी चहा झाला, की पोरगी पलंगावर मांडी घालून बसायची, मोबाइल मांडीवर, हनुवटी छातीकडं. दुपारी जेवायला उठली तर उठली. दिवसाचे आठ-नऊ तास. घरातून जाता-येता हेमकांतला तिचा फक्त भांग दिसायचा. पोर अभ्यास करतेय, म्हणून तो पाऊलसुद्धा हळू टाकायचा.

बारावीच्या दिवाळीत त्यानं तिला मोरपंखी कुर्ता शिवला तेव्हा पहिल्यांदा गडबड झाली. कुर्ता मागून वर उचलला जात होता आणि पुढं गळ्याखाली चुण्या पडत होत्या. दहावीत घेतलेल्या मापावर बेतलेला, माप चुकायचं कारण नव्हतं. त्यानं पोरीला उभं केलं, टेप लावली. मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत पूर्वी साडेचौदा होतं, ते पंधरा भरलं. मागं पाठीची रुंदी वाढली होती आणि पुढचं छातीचं माप कमी झालं होतं. बाबू लोकांचं माप. दुसऱ्या कुणाचं असतं तर हेमकांतनं ताबडतोब ओळखलं असतं. पण आपलं पोर म्हणजे वाढत्या वयाचं, भरलं असेल अंग, असं म्हणून त्यानं मागच्या भागाला अर्धा इंच दिला, पुढून काढून घेतला, खांद्याची शिवण जराशी पुढं सरकवली. कुर्ता असा बसला, की बघणाऱ्यानं म्हणावं, काय ताठ पोरगी आहे! तिच्या आईनं, रंजनाबाईनं, दृष्ट काढली. हेमकांतला आपल्या हाताचा अभिमान वाटला.

पुढच्या दिवाळीत पाव इंच आणखी. तोही त्यानं तसाच, काही न बोलता, कापडात जिरवला.

जानेवारीत पोरीनं हात टेकले. खांद्यांमागच्या दोन्ही फऱ्यांच्या मध्ये, बरोबर जिथं स्वतःचा हात पोचत नाही तिथं, सकाळी अकरापासून जळायला लागायचं. दुपारनंतर मान अशी धरायची, की वळून बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागे. मग डोक्याच्या मागून ठणका वर चढायचा. रंजनाबाईनं तेल चोळलं, मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकलं, वेखंड लावलं. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या झाल्या. शेजारच्या कामिनीवहिनीनं आपल्या सासऱ्यांचा मानेचा पट्टा आणून दिला, तो पोरगी दिवसभर घालून बसू लागली आणि पट्टा घालून पुन्हा मांडीवरच्या मोबाइलमध्येच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! पाठ बिचारी वर्दी देऊन देऊन थकली, आणि सगळं घर तिला गप्प बसवायच्या मागं.

एका संध्याकाळी हेमकांत दुकान बंद करून आला तर मोहिनी भिंतीकडं तोंड करून आडवी पडलेली. मोबाइल बंद.

"पप्पा, माले नही देनी परीक्षा," ती तशीच पडून म्हणाली. "बसनू का पाठमा आग पडस. वाचेल काहीच ध्यानमा ऱ्हात नही. तीन घंटा पेपरले कशी बसू मी?"

"दिनभर मोबाइलमा मुंडी घालीसन बठस," रंजनाबाई चुलीपासून ओरडली, "मंग पाठ दुखी नही ते काय व्हई?"

"अभ्यास बी तेनामाच शे मम्मी! मी काय करू?" आणि पोरगी रडायला लागली. रडतानाही तिनं मान धरली होती. हे बघून हेमकांतच्या काळजाचं पाणी झालं. परीक्षा दोन वर्षं तिच्या उशाशी होती. आता ती पाठीच्या दुखण्यापायी सोडायची? मे महिन्याला साडेतीन महिने उरले होते. पोरीच्या डोळ्यांत हरल्याची जी कळा आली होती, ती त्याला पाहवेना.

"सदफकडे जाऊत," तो म्हणाला. "मंग काय ते ठरव."

सदफ म्हणजे इद्रिसचाचांची नात. फिजिओथेरपीचं शिकून नंदुरबारला दवाखाना टाकला होता आणि आठवड्यातून दोन दिवस तळोद्यात बसायची. बाजाराच्या दिवशी ते गेले. लहानशी खोली, एक उंच खाट, भिंतीला बांधलेल्या रबरी पट्ट्या. सदफ पस्तिशीची, चाचांसारखीच बारीक अंगाची आणि तशीच खांब गिळल्यासारखी ताठ. तिला बघून हेमकांतला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

तिनं आधी खूप प्रश्न विचारले. कुठं पडली होतीस का? हाताला मुंग्या येतात का, पेन हातातून सुटतं का? ताप, वजन कमी होणं, रात्री दुखण्यानं जाग येणं? मोहिनी सगळ्याला नाही म्हणाली. मग सदफनं तिच्या हातांची ताकद पाहिली, कोपरावर हातोडीनं ठोकून पाहिलं, मान चारी बाजूंना वळवायला लावली, फऱ्यांच्या मध्ये बोटानं दाबलं तेव्हा मोहिनी कळवळली. शेवटी तिला उभं करून बाजूनं पाहिलं. पुढं झाली, मागं झाली, पुन्हा पाहिलं.

"गंमत आहे," सदफ म्हणाली. "हाताला पाठ वाकलेली लागते आणि डोळ्यांना सरळ दिसते. मोहिनी, आत जाऊन हा कुर्ता बदल. तिथं सैल टी-शर्ट ठेवलाय."

मोहिनी टी-शर्ट घालून बाहेर आली आणि बाजूनं उभी राहिली. हेमकांत उठून उभाच राहिला. पोरीचं डोकं खांद्याच्या कितीतरी पुढं होतं. कान खांद्याच्या रेषेत हवा, तो बोटं ठेवून मोजावा इतका पुढं. खांदे आत वळलेले, मानेच्या खाली पाठीला पोक. सदफनं तसाच फोटो काढला आणि मोहिनीला दाखवला. मोहिनीनं तो कितीतरी वेळ बघितला.

"हा कुर्ता कुणी शिवला?" सदफनं विचारलं.

हेमकांतनं खिशातून टेप काढली, घडी केली, पुन्हा खिशात ठेवली.

"मी," तो म्हणाला. "बेटा, मी दोन सालपासून मांगे वाढायी ऱ्हायनू. पैले आर्धा इंच, मंग पाव. कुर्ता चांगला बसाले जोयजे म्हनीसन." त्यानं पोरीच्या पाठीकडं बोट केलं. "पोरनी पाठ वाकी ऱ्हायनी, आनि मी तिले कपडामा लपाडी ऱ्हायनू."

इतकी वर्षं ज्या हाताचा त्याला अभिमान होता, त्या हाताची त्याला लाज वाटली. दुसऱ्या कुठल्याही बापाच्या नजरेला पोरीची वाकलेली पाठ आली असती. शिंपी बापानंच ती झाकली, तीही इतक्या सफाईनं की त्याला स्वतःलाही दिसू नये.

सदफ हसली नाही की रागावलीही नाही. तिनं पाण्याची भरलेली बाटली हेमकांतच्या हातात दिली. "काका, ही छातीशी धरा. जड आहे? नाही ना. आता हात लांब करून धरा. तसंच राहा." मिनिटाभरात हेमकांतचा दंड थरथरायला लागला. "बाटली तीच आहे. डोकंही तेच, चार-पाच किलोचं. पाठीच्या वर नीट बसलेलं असलं तर मणके ते सहज पेलतात. पुढं लोंबायला लागलं, की मानेचे आणि पाठीचे स्नायू त्याला मागून ओढून धरतात. तासन् तास. ते आता थकून बोंबलतायत. मोहिनी, तुझी पाठ मोडलेली नाही. हाड वाढलेलं नाही. थकलेली आहे फक्त. एक्स-रेची आज गरज नाही. हा पट्टा मात्र काढून ठेव, तो स्नायूंना आणखी आळशी करेल."

"मग ताठ बसून अभ्यास करू?" मोहिनीनं विचारलं.

"ताठ बसून चार तास हलली नाहीस, तरी दुखेलच. एकाच स्थितीत राहणं हाच खरा चोर. मोबाइल डोळ्यांच्या समोर येईल इतका उंच ठेव, कोपर टेकव. आणि अर्ध्या तासानं उठ. दोन मिनिटं, पण उठायचं म्हणजे उठायचं." तिनं हनुवटी मागं घ्यायला शिकवलं, वर नाही, खाली नाही, मशीनचा ड्रॉवर आत सरकवावा तशी सरळ मागं. रबरी पट्टी ओढून फरे जवळ आणायला शिकवले, पाठीखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन निजायला शिकवलं. "पंधरा दिवसांत जळणं कमी होईल. दोन महिन्यांत ताकद येईल. हातात मुंग्या आल्या किंवा पकड सुटली तर मात्र लगेच फोन कर. आणि परीक्षा द्यायची की नाही ते आज ठरवू नकोस. दुखणाऱ्या पाठीला असले प्रश्न विचारायचे नसतात."

मग ती हेमकांतकडं वळली. "आणि काका, तुम्ही भिंतीला उभे राहा."

हेमकांत उभा राहिला. टाचा भिंतीला, पाठ भिंतीला. डोकं टेकेना. मागं चार बोटांची फट.

"अर्धी बॉबिन बंद केली ना तुम्ही?" सदफ म्हणाली.

"तुले कसं माहीत?"

"आमच्या दादांनी, म्हणजे तुमच्या चाचांनी, आम्हाला हजारदा सांगितलंय. त्यांचे उस्ताद सुरतेचे. चाळिशीत इतके वाकले, की नमाजाला उभं राहिलं तरी रुकूत वाकल्यासारखे दिसायचे. दादांनी ते पाहिलं होतं. पोरांना 'अर्ध्या तासानं उठा' म्हटलं तर पोरं ऐकायची नाहीत, म्हणून त्यांनी बॉबिन अर्धी केली. धागा तुटतो वगैरे काही नव्हतं काका. तुम्ही उठावं एवढंच होतं."

हेमकांत भिंतीला टेकूनच राहिला. चाळीस वर्षं ज्या गोष्टीला तो म्हाताऱ्याचा हेका समजत होता, तिचा अर्थ आज त्याच्या मानेत उतरला. चाचा, एकदा सांगायचं तरी होतं, असं त्याच्या मनात आलं. आणि सांगितलं असतं तर आपण ऐकलं नसतं, हेही लगेच आलं. त्याचे डोळे भरून आले. त्यानं ते पुसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यानं बिस्किटाच्या डब्यातल्या भरलेल्या बॉबिना काढून फळीवर ठेवल्या. माळ्यावरची जुनी पायमशीन खाली आणली, पुसली, दुकानाच्या उजेडाच्या बाजूला लावली. तिच्या टेबलावर इस्त्रीचा लाकडी ठोकळा, त्यावर चोळखणांचं पुठ्ठ्याचं खोकं, आणि खोक्याला मोबाइल टेकवला. मोहिनीला समोर खुर्चीवर बसवून त्यानं उंची जुळवली, गिऱ्हाइकाच्या बाहीची जुळवावी तशी, जरा वर, जरा मागं, बस्स. लिहायची वही तिरक्या फळीवर.

"आठेच बस, मन्हाजोडे. मन्ही बॉबिन सरनी का तू बी उठ."

पहिले चार दिवस पोरगी वैतागली. ऐन धड्यात रंग भरला, की मशीन थांबायची आणि बापाचा आवाज यायचा, "सरनी!" मग दोघं भिंतीशी. टाचा, पाठ, डोकं; बापाच्या डोक्यामागं दुमडलेलं फडकं, कारण त्याचं डोकं भिंतीला पोचत नव्हतं आणि सदफनं ओढाताण करायला मनाई केली होती. दहा श्वास. हनुवटी मागं, दहादा. मग हात वर करून आळस, मोठ्यानं. रस्त्यावर जीपची वाट बघणारी माणसं आत डोकावून हसायची. हेमकांतला ते हसणं ओळखीचं वाटायचं. ते ऐकलं की तो क्षणभर बारा वर्षांचा व्हायचा आणि त्याला खोबरेल तेलाचा वास यायचा.

पंधरा दिवसांत जळणं पूर्ण गेलं नाही, पण अकराला सुरू होणारं ते तीनवर गेलं. फेब्रुवारीत एका दिवशी मोहिनीनं मोबाइलवरचा एक प्रश्न सोडवता सोडवता विचारलं, "पप्पा, आज उठाडं नही का?" तो म्हणाला, "चार दाव उठाडं ना वं, ध्यान कुठे शे तुन्हं?" तेव्हा तिला कळलं, की आज दुपारभर पाठ आठवलीच नव्हती. त्याच संध्याकाळी तिनं परीक्षेचा फॉर्म भरला. हेमकांतनं त्या रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पुढं दर रविवारी ती तीन तासांचा सराव पेपर द्यायची, कागदावर, वाकूनच, कारण परीक्षेत काही मान उंच ठेवता येत नाही. एका विषयावरून दुसऱ्या विषयावर जाताना खांदे गोल फिरवायचे, फरे जवळ आणायचे, हनुवटी मागं. पहिल्या पेपरला दोन तासांत मान धरली. चौथ्या पेपरला अडीच. सहाव्याला ती तीन तास बसली आणि उठून म्हणाली, "भूक लागनी."

एप्रिलच्या शेवटी परीक्षेचा कुर्ता बेतायचा होता. त्याचेही नियम असतात. हलकं कापड, आखूड बाह्या, खिसा नाही, मोठी बटणं नाहीत, नक्षी नाही. हेमकांतनं फिकट आकाशी सुती कापड काढलं आणि पोरीला उभं केलं. टेप मानेच्या मणक्याला लावली. कमरेपर्यंत आणली. पावणेपंधरा.

साडेचौदा नव्हतं. पण सव्वापंधराही नव्हतं. मापवहीत मोहिनीच्या पानावर खाली खाली तीन आकडे होते. त्यानं चौथा लिहिला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा, पुढून काही काढून न घेता आणि खांद्याची शिवण न सरकवता, पोरीचं कापड सरळ मापानं कापलं. पावणेपंधरा म्हणजे पावणेपंधरा. पाठ जशी होती तशी दिसू दे.

परीक्षेच्या रविवारी केंद्राबाहेर उन्हात बाप झाडाखाली उभा. आत तीन तास. पहिला तास त्यानं घड्याळ बघितलं. मग ते बघवेना, म्हणून तो अर्ध्या अर्ध्या तासानं त्या निंबाच्या बुंध्याला टाचा, पाठ, डोकं लावून उभा राहू लागला. बाकीच्या आईबापांना वाटलं, नवस असेल काहीतरी. एका शेतकरी बाईनं तर "आम्ही बी करू का?" म्हणून विचारलं. तो म्हणाला, "करा ना बहिण. नुकसान काहीच नही."

फाटक उघडलं. पोरांचा लोंढा बाहेर आला, बहुतेकांचे हात मानेवर. मोहिनी आकाशी कुर्त्यात, हात मोकळे. हेमकांतला विचारायचं होतं, पेपर कसा गेला. पण तोंडातून भलतंच निघालं.

"पाठ?"

मोहिनी थांबली. तिला आठवावं लागलं.

"पप्पा," ती म्हणाली, "पाठ शे हाई ध्यानमाच नही उनं."

यंदा ती धुळ्याला आयुर्वेदाच्या कॉलेजात गेली. ताट वाढताना रंजनाबाई अजून तिसरं काढते आणि परत ठेवते. दुकानातली जुनी पायमशीन तशीच आहे, ठोकळा आणि खोकंसुद्धा. हेमकांत बॉबिन अर्धीच भरतो. लग्नसराईतही.

दिवाळीआधी रंग द्यायला नथ्थू आला. ब्रश बुडवून त्यानं भिंत न्याहाळली. मशीनच्या मागं पांढऱ्या भिंतीवर तेलाचे दोन काळपट गोल डाग होते, एक जरा वर, एक जरा खाली. वरच्या डागावर आता फडक्याची खूण नव्हती. तो डोकं थेट भिंतीला टेकूनच पडलेला होता.

"हेमकांतभाऊ, हाऊ डाग कसाना शे? घासू का?"

हेमकांतनं मशीन थांबवली. बॉबिन नुकतीच संपली होती. तो उठला, भिंतीशी गेला, टाचा लावल्या, पाठ लावली, डोकं वरच्या डागावर टेकवलं. शेजारची, खालच्या डागापुढची जागा रिकामी होती. त्यानं तिथं हात ठेवला. खांब गेला तेव्हा त्याला तो वाचवता आला नव्हता.

"बठ्ठी भीत रंगाड," तो म्हणाला. "हाई दोन तेवढं ऱ्हाऊ दे."